फोन ठेवलात? आता मेल टाका

गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकांच्या आणि कॉफीच्या दुकानांच्या बाहेर एक दृश्य हमखास दिसतं. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट, मागे हॉर्नचा गोंधळ आणि मध्येच कोणीतरी जोरात सांगतंय, "येस मॅम, टू मंथ्स... येस, पुणे इज फाइन." कॉल दहा-बारा मिनिटांचा असतो. पलीकडून आवाज येतो, "ओके, वी विल गेट बॅक टू यू." इकडे फोन खिशात जातो, मित्र विचारतात, "काय झालं?" आणि उत्तर मिळतं, "चांगला झाला रे."

चांगला झाला म्हणजे नेमकं काय ठरलं? बहुतेकांना हे दोन दिवसांनी सांगता येत नाही. नोकरीच्या पहिल्या स्क्रीनिंग कॉलमध्ये तुमच्या विषयाचं ज्ञान फारसं तपासलं जात नाही, ते पुढच्या फेऱ्यांत होतं. या कॉलमध्ये प्रामुख्याने तीन गोष्टी विचारल्या जातात. कधी येऊ शकता, किती पगार हवा आणि कुठे काम कराल. या तीन उत्तरांवरच तुमचं नाव पुढे जायचं की नाही हे ठरतं. तरीही ती उत्तरं आपण रस्त्यावर उभं राहून, घाईत, अर्धवट देतो आणि नंतर कुठेही लिहून ठेवत नाही. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. कॉल झाला की त्याच दिवशी रिक्रूटरला एक छोटा मेल गेलाच पाहिजे. त्यात या तीन गोष्टी आकड्यांत, तारखांत आणि गावाच्या नावानिशी असायला हव्यात.

पलीकडे काय लिहिलं जातं?

फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेली व्यक्ती बोलता बोलता एका तक्त्यात रकाने भरत असते. नोटीस पीरियड, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, ठिकाण. त्या दिवशी तिने तुमच्यासारख्या कितीतरी जणांना फोन केलेले असतात. संध्याकाळी तो तक्ता ज्याच्या टीममध्ये जागा रिकामी आहे, त्या मॅनेजरकडे जातो. मॅनेजरने तुमचा आवाज ऐकलेला नसतो. त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे त्या तक्त्यातली एक ओळ.

आणि ऐकण्यात गडबड होते. इंग्रजीत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'सिक्स्टीन' आणि 'सिक्स्टी' फोनवर सारखेच ऐकू येतात. मराठीत बोललात तर साडेचार, पावणेपाच, सव्वापाच यांतला फरक समोरच्याच्या कानापर्यंत नीट पोचेलच असं नाही. समोरची व्यक्ती हैदराबादची किंवा नोएडाची असेल तर 'पावणे' हा प्रकारच तिला अनोळखी असू शकतो. पण ऐकू न येण्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. शब्द बरोबर ऐकू येतो आणि दोघं त्याचा वेगवेगळा अर्थ घेतात. 'दोन महिने', 'पाच लाख' आणि 'पुणे' हे तिन्ही शब्द तसेच आहेत.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, आनंदवलीला राहणारी एक मुलगी आहे. मेकॅनिकल इंजिनीअर झाली, आता अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात दोन वर्षं काम करते. वर्षाचं पॅकेज 3 लाख 60 हजार. पुण्याच्या एका कंपनीतून तिला कॉल आला. तिने सांगितलं, नोटीस दोन महिने, अपेक्षा पाच लाख, पुणे चालेल. रिक्रूटर खूश, हीसुद्धा खूश. आता ही तीन उत्तरं एकेक करून उघडून बघू.

'दोन महिने' कधीपासून?

तिच्या मनात दोन महिने म्हणजे राजीनामा दिल्यापासून दोन महिने. रिक्रूटरच्या तक्त्यात ते आजपासून दोन महिने असं लिहिलं जाऊ शकतं. कॉल समजा 10 मार्चला झाला. मॅनेजर 10 मेच्या आसपास माणूस येईल असं गृहीत धरून कामाची आखणी करतो. प्रत्यक्षात आणखी दोन मुलाखती होतात, कागदपत्रं तपासली जातात आणि ऑफर लेटर हातात पडतं 1 एप्रिलला. ती 2 एप्रिलला राजीनामा देते. तो दिवस धरून 60 दिवस मोजले तर अंबडमधला तिचा शेवटचा दिवस येतो 31 मे. म्हणजे ती जूनमध्ये रुजू होणार. तीन आठवड्यांचा हा फरक कोणाच्याच चुकीमुळे पडलेला नाही, पण "उमेदवाराने तारीख पाळली नाही" असा शेरा मात्र तिच्या नावापुढे बसतो.

म्हणून मेलमध्ये 'दोन महिने' न लिहिता '60 कॅलेंडर दिवस, राजीनाम्याच्या तारखेपासून' असं लिहायचं. कॅलेंडर दिवस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या धरून. तुमच्या कंपनीत दिवस कसे मोजतात आणि कधीपासून मोजतात, हे तुमच्या नेमणूकपत्रात असतं. कॉलच्या आधी ते पत्र शोधून वाचा. 'आमच्याकडे दोन महिने असतो म्हणे' यावर विसंबू नका. कन्फर्म होण्याआधी आणि नंतर नोटीस वेगवेगळी असू शकते. त्याबरोबर दुसरं वाक्य लिहायचं, 'लेखी ऑफर मिळाल्यावरच राजीनामा देईन.' हे उद्धटपणाचं वाक्य नाही. चांगला रिक्रूटर ते वाचून तारखेचा हिशोब नीट मांडतो.

मग प्रश्न येतो, "लवकर येता येईल का?" इथे 'निगोशिएबल आहे' असं सांगून टाकायची सवय आपल्याला लागली आहे. तुमच्या मॅनेजरशी बोलणं झालेलं नसताना हा शब्द वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातले पैसे वचन म्हणून देणं. नोटीस कमी होण्याचा एक मार्ग म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून मोकळं होणं, ज्याला बायआउट म्हणतात. पण नेमणूकपत्रात बऱ्याचदा 'कंपनीच्या मर्जीवर' असे शब्द असतात. म्हणजे तुम्ही पैसे पुढे केले तरी कंपनी 'नको, काम करून जा' म्हणू शकते. शिवाय पैसे कशावर मोजायचे, मूळ वेतनावर की सगळ्या पगारावर, हेही तिथेच लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं मूळ वेतन महिना 15 हजार आहे आणि कपाती आधीचा महिन्याचा पगार साधारण 27 हजार. तिला 30 दिवस आधी सुटायचं असेल, तर एका नियमाने 15 हजार भरावे लागतील, दुसऱ्याने 27 हजार. ते कोण भरणार, ती की नवी कंपनी, हाही प्रश्न आहेच. यातलं काहीच ठाऊक नसेल तर मेलमध्ये तसंच लिहायचं, 'नोटीस कमी होईल का, हे ऑफरनंतर सध्याच्या कंपनीला विचारून सांगेन.'

याच ठिकाणी बाँडचा विषय येतो. हॉस्टेलवर एक वाक्य फिरत असतं, "बाँडला कोर्टात काही किंमत नसते." हे सरसकट खरं नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात निकाल दिला. बँकेच्या अटीनुसार अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे होते. एका अधिकाऱ्याने दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी मुदतीआधी नोकरी सोडली, पैसे भरले आणि अटीलाच आव्हान दिलं. न्यायालयाने ती अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीची लांबलचक, खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता. त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीचा प्रत्येक बाँड आपोआप पक्का ठरतो असंही नाही. पण तुमच्यावर बाँड असेल आणि रिक्रूटरने विचारलं असेल, तर त्याची मुदत कधी संपते ती तारीख मेलमध्ये लिहा. ऑफरनंतर ते बाहेर येण्यापेक्षा आधी आलेलं बरं.

अजून कॉलेजात असलेल्यांना वाटेल, आम्हाला कुठला नोटीस पीरियड? तुमचाही असतो, फक्त त्याचं नाव वेगळं. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा, प्रोजेक्टची तोंडी, चालू असलेली इंटर्नशिप. 'इमिजिएट जॉइनर' म्हणून सांगायचं आणि मेमध्ये पेपर निघायचे, हा घोळ दर वर्षी होतो. विद्यापीठाचं वेळापत्रक सरकू शकतं, म्हणून एकच तारीख देऊन अडकू नका. 'शेवटचा पेपर झाल्यावर 10 दिवसांत रुजू होईन, सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे तो अमुक तारखेला आहे, निकाल त्यानंतर लागेल' असं लिहा. निकालाआधी रुजू करून घेतात का, हा प्रश्न त्याच मेलमध्ये विचारून टाका.

पाच लाख, पण कुठले?

आता पैशाकडे येऊ. पाच लाख भागिले बारा म्हणजे महिन्याला 41 हजार 667. आपल्या मुलीच्या डोक्यात हाच आकडा आहे. पण कंपनी ज्याला सीटीसी म्हणते तो तिचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च असतो. त्यात तुमच्या हातात दर महिन्याला न येणाऱ्या रकमाही धरलेल्या असतात.

पाच लाखांची एक मांडणी अशी असू शकते. मूळ वेतन निम्मं, म्हणजे अडीच लाख. त्याच्या 12 टक्के कंपनीचा पीएफ, 30 हजार. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, 12 हजार 25. आणि 10 टक्के व्हेरिएबल, 50 हजार, जे वर्षअखेर कामगिरी बघून मिळेल किंवा कमी मिळेल. हे सगळं वजा केलं की उरतात 4 लाख 7 हजार 975, म्हणजे महिन्याला जवळपास 34 हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ अडीच हजार आणि व्यवसाय कर 200 रुपये गेले की हातात येतात साधारण 31 हजार 300.

दुसरी कंपनी हेच पाच लाख वेगळ्या पद्धतीने मांडते. व्हेरिएबल अजिबात नाही. पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 रुपये. ग्रॅच्युइटी तेवढीच. इथे हातात येतात साधारण 36 हजार 860. दोन्हीकडे तक्त्यात 'पाच लाख' असंच लिहिलेलं आहे आणि महिन्याचा फरक साडेपाच हजारांहून जास्त आहे. पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस भागवायची असेल तर हा फरक बारीक नाही. अर्थात पीएफ हे तुमचेच पैसे आहेत, ते बुडत नाहीत. ग्रॅच्युइटी मात्र साधारणपणे सलग पाच वर्षं काढल्यावरच मिळते आणि व्हेरिएबलची खात्री कोणीच देत नाही.

म्हणून कॉलच्या आधी उलटा हिशोब करा. पुण्यात राहून घरी थोडे पाठवायला महिन्याला हातात किमान किती हवेत? आपली मुलगी ठरवते, 33 हजार. वरच्या पहिल्या मांडणीत तिला ते मिळत नाहीत. व्हेरिएबल बाहेर ठेवलं, पीएफ आणि ग्रॅच्युइटी पाच लाखांच्या आतच धरली, आणि पीएफ पूर्ण 12 टक्क्यांनी कापला तरी हातात साधारण 35 हजार 400 येतात. म्हणजे तिची मागणी फक्त 'पाच लाख' नाही. ती आहे 'पाच लाख फिक्स्ड, व्हेरिएबल वगळून'. हे दोन शब्द फोनवर राहून गेले होते. मेलमध्ये ते आले पाहिजेत.

आणखी एक सवय म्हणजे रेंज सांगणं. 'साडेचार ते साडेपाच' म्हणालात की तुम्हाला साडेपाच ऐकू येतं आणि समोरच्याला साडेचार. रेंज द्यायचीच असेल तर तिचं खालचं टोक असं ठेवा, की तेवढ्यावर तुम्ही खरोखर आनंदाने जाल. सध्याचा पगार विचारला असेल तर तो फुगवू नका. पुढे सॅलरी स्लिप मागितल्या जातात आणि पीएफच्या यूएएन खात्यात तुम्ही कुठे, कधीपासून काम केलंत हे दिसतं. तिथे विसंगती सापडली तर हातातली ऑफर जाऊ शकते.

'पुणे चालेल' म्हणजे कुठपर्यंत?

पुणे हे एक ठिकाण नाही. चाकण नाशिकहून पुण्याला जाताना शहराच्या बरंच आधी लागतं. हिंजवडी पश्चिमेला, खराडी पूर्वेला. चाकणच्या कारखान्यातली सकाळची शिफ्ट आणि खराडीतलं ऑफिस यांचा रोजचा दिनक्रम, राहायची जागा आणि खर्च पूर्ण वेगळा. जाहिरातीत मात्र तिन्हींना 'पुणे' असंच लिहितात. त्यामुळे मेलमध्ये तुम्हाला कॉलवर जो भाग सांगितला तो नावानिशी लिहा. सांगितला नसेल तर विचारा.

नाशिककरांची आणखी एक गोची आहे. 'हायब्रिड' म्हटलं की वाटतं, दोन दिवस जाऊ आणि उरलेले दिवस घरून करू. पण नाशिक ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन शहरांमधला थेट रेल्वेमार्ग अजून कागदावरच आहे. आठवड्यातले कुठलेही दोन दिवस बोलावणार असतील तर तुम्हाला पुण्यात खोली घ्यावीच लागेल. ते दोन दिवस सलग आणि ठरलेले असतील तर गणित कदाचित बदलेल. मुंबईबाबतही तसंच. पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाणारे पासधारक आपण पाहतो, त्यामुळे 'मुंबई चालेल' पटकन तोंडातून निघतं. पण गंगापूर रोडवरून पहाटे नाशिकरोड स्टेशन गाठायचं, मग दादरला उतरून पुढे ऐरोली किंवा अंधेरी, आणि रात्री तोच रस्ता उलटा. हे वर्षभर जमेल का, याचं उत्तर 'येस मॅम' म्हणण्याआधी शोधायला हवं.

ठिकाणांबद्दल मेलमध्ये पसंतीचा क्रम द्या आणि नकारही स्पष्ट द्या. 'पुणे पहिली पसंती, नाशिकमध्ये जागा असल्यास आवडेल, राज्याबाहेर सध्या नाही.' नकार लिहायला आपल्याला भीती वाटते. पण 'एनीव्हेअर इन इंडिया' लिहून पुढे चेन्नईची ऑफर नाकारली, तर त्यात तुमचाही महिना जातो आणि रिक्रूटरचाही. पुढच्या वेळी तो तुमचं नाव पाहून फोन करेलच असं नाही.

मग मेल कसा दिसतो?

प्रत्यक्षात हा मेल बहुधा इंग्रजीतच जाईल. मजकूर नीट कळावा म्हणून इथे मराठीत देतोय. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, तुमचं नाव आणि कॉलची तारीख असू द्या, म्हणजे शोधल्यावर तो सापडेल.

> नमस्कार,
>
> आज 10 मार्चला क्वालिटी इंजिनीअर पदाबाबत आपलं फोनवर बोलणं झालं, त्याबद्दल आभार. बोलण्यातले मुद्दे नोंदीसाठी लिहीत आहे.
>
> नोटीस पीरियड : 60 कॅलेंडर दिवस, राजीनाम्याच्या तारखेपासून. लेखी ऑफर मिळाल्यावर राजीनामा देईन. 1 एप्रिलपर्यंत ऑफर मिळाल्यास जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू होऊ शकेन. मुदत कमी होईल का, हे त्या वेळी सध्याच्या कंपनीला विचारून कळवेन.
>
> पगार : सध्याचा सीटीसी वर्षाला 3,60,000 रुपये. अपेक्षा वर्षाला 5,00,000 रुपये फिक्स्ड. यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरली आहे, व्हेरिएबल धरलेलं नाही. कॉलवर मी फक्त 'पाच लाख' म्हणाले होते, म्हणून हे स्पष्ट करत आहे.
>
> ठिकाण : पुणे, आपण सांगितल्याप्रमाणे चाकण. नाशिकमध्ये जागा असल्यास तीही चालेल. राज्याबाहेर सध्या शक्य नाही. शिफ्टच्या वेळा कळवाल का?
>
> कामाचं स्वरूप आणि पगाराची मांडणी पूर्ण कळल्यावर यावर पुन्हा बोलता येईल. यात काही चुकलं असल्यास कृपया कळवा.

बस, एवढंच. यात स्वतःची स्तुती नाही, रेझ्युमे पुन्हा सांगितलेला नाही. मोबाइलवर एका नजरेत वाचून होतो आणि रिक्रूटर तो जसाच्या तसा मॅनेजरला पाठवू शकतो. 'कॉलवर मी फक्त पाच लाख म्हणाले होते' हे वाक्य मुद्दाम पाहा. कॉलवर जे बोललात त्यापेक्षा मेलमध्ये काही वेगळं किंवा जास्त लिहीत असाल, तर ते उघडपणे सांगायचं. 'ठरल्याप्रमाणे' या शब्दाखाली नवी मागणी सरकवायची नाही. ती पकडली जाते.

एक आक्षेप येईल. लिहून दिलं की आपण अडकतो, मोघम ठेवलं तर पुढे ताणता येतं. ही भीती पूर्ण चुकीची नाही, लिहिलेल्याला वजन असतंच. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या खटल्यात बॉक्साइटच्या खरेदीचा व्यवहार दोन कंपन्यांमधल्या ई-मेलच्या देवाणघेवाणीतूनच पक्का झाला, असं मानलं होतं. रीतसर करारपत्रावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, तरीही. म्हणून मेलमध्ये 'स्वीकारते', 'मान्य आहे' असे शब्द स्क्रीनिंगच्या टप्प्यावर नकोत. तुम्ही ऑफर स्वीकारत नाही, झालेलं बोलणं नोंदवत आहात. शेवटून दुसरं वाक्य त्यासाठीच आहे. आणि मोघमपणाचा फायदा कोणाला होतो, हे वरच्या 'पाच लाखां'त दिसलंच. मांडणी ठरवायचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला.

मेल पाठवला की काम संपलं असंही नाही. उत्तर आलं तर नीट वाचा. '60 दिवस' ऐवजी 'जास्तीत जास्त 30' किंवा 'फिक्स्ड' ऐवजी 'सीटीसी' असा एखादा शब्द बदललेला असतो. तो खटकला तर त्याच दिवशी, त्याच मेलच्या साखळीत विचारा. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ होकार असा घेऊ नका. पुढच्या मुलाखतीच्या सुरुवातीला हेच मुद्दे एकदा बोलून घ्या. कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरायला सांगितला, तर तिथले आकडे मेलशी जुळवा. 'लाखांत लिहा' असं असेल तिथे 5 लिहायचं, 500000 नाही. आणि ऑफर लेटर येईल तेव्हा सही करण्याआधी हा मेल शेजारी उघडून ठेवा. तारीख, फिक्स्ड रक्कम, ठिकाण. तीनच ओळी ताडायच्या आहेत.

हा मेल ज्या पत्त्यावर पाठवायचा तो पत्ताही पाहा. कंपनीच्या नावाचा आहे की फुकटच्या खात्याचा? बाहेरच्या एजन्सीचा रिक्रूटर असेल तर एजन्सीचा असेल, ते ठीक. पण पत्ताच द्यायला टाळाटाळ होत असेल, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालावं असा आग्रह असेल, आणि उत्तरात नोंदणी शुल्क किंवा बँकेचे तपशील मागितले जात असतील, तर ती नोकरी नाहीच. स्क्रीनिंगच्या टप्प्यावर नोटीस, पगार आणि ठिकाण यापलीकडे आधारचा फोटो किंवा ओटीपी कोणालाही लागत नाही.

प्लेसमेंट सेलने मुलाखतीची तयारी करून घेताना एक तास या मेलला द्यावा. प्रत्येकाने आपलं नेमणूकपत्र किंवा परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवून तो एकदा लिहून बघावा. तांत्रिक प्रश्नाचं उत्तर चुकलं तर पुढच्या वेळी सुधारता येतं. पण 'पाच लाख' कुठले हे न सांगता सही झाली, तर ते पुढच्या अप्रेझलपर्यंत दर महिन्याला आठवतं.